खालचा गप्प फोन

जे. पी. नगर, गुरुवार, ऑगस्ट १९९६

घरमालकीण अक्कांचा खालचा फोन आठवडाभर गप्प. सुरुवातीला समीर दिवसातून कितीदा करायचा! रोज मोगरा, दुसऱ्याच भेटीत लग्नाचं बोलणं. आता मी फोन केला की “कामात आहे,” आणि खट्.

माझं काय चुकलं? पण हे सुरू कधी झालं? मंडळाच्या नाटकाची तालीम सोडणार नाही म्हटलं, त्याच संध्याकाळी. मागे मैत्रिणीकडे राहिले तेव्हाही असंच. मी रडून माफी मागितली आणि लगेच मोगरा आला. म्हणजे प्रेम आटलेलं नाही, मला वळण लावणं चाललंय.

आत्ता फोन वाजला. अक्का खालून कानडी मिसळत ओरडल्या, “त्याचाच गं! स्वल्प थांब म्हणू?”

पाय जिन्याकडे निघालेच होते.

“तालमीला गेलीय म्हणून सांगा, अक्का.”

आता निघते. अक्कांना खोटं पाडायचं नाही.