पायाखालच्या पिवळ्या चिठ्ठ्या

३ मार्च, मंगळवार

डब्याच्या झाकणाला आजची चिठ्ठी – "माझ्या नवऱ्याइतका उंच माणूस अख्ख्या शहरात नाही." भाताच्या कप्प्याखाली दुसरी – "फळीवरची बरणी काढायला मात्र त्याला स्टूल लागतं."

हसलो. जमिनीपासून साठ मीटरवर, क्रेनच्या केबिनमध्ये एकटाच बसून मोठ्याने हसलो. मग चिठ्ठ्या लावायला खाली वाकलो, काचेतून जमीन दिसली, आणि हसू तिथंच संपलं.

केबिनची पुढची काच थेट पायांखाली येते. आकडा आणि त्याला लटकलेला माल दिसावा म्हणून. बारा वर्षं त्या काचेतूनच बघत काम केलं. आता तिच्यावर बायकोच्या चिठ्ठ्या चिकटवतोय. जेवढं पिवळं वाढेल, तेवढी जमीन कमी दिसेल. आजच्या दोन धरून सत्तावीस झाल्या.

४ मार्च, बुधवार

कुणाला सांगता येत नाही, म्हणून वहीला सांगतो. महिना झाला. शिडी चढत होतो, पायरी दवाने ओली होती, पाय सटकला. दोन्ही हात घट्ट होते, कमरेला पट्टा होता. खरचटलंसुद्धा नाही. पण त्या दिवसापासून वर बसलो की तळहात घामेजतात, आणि खाली पाहिलं की डोळे आपोआप मिटतात. शिडीवर निभतं – नाकासमोरची पायरी तेवढी बघायची. केबिनमध्ये नाही निभत.

कामावरच्या डॉक्टरांना सांगितलं तर वर जाणं बंद होईल. आई शेजारणींना सांगत असते, "आमचा मुलगा ढगात काम करतो." आणि बायको – तिचं तर सगळं त्या ढगापासूनच सुरू झालं.

आजची चिठ्ठी – "काल झोपेत माझा हात धरला होतास की क्रेनचा दांडा? असा डावीकडे ढकललास की मी भिंतीला जाऊन टेकले. आज संध्याकाळी फेरपरीक्षा. तयारी करून येणे."

तिला गंमत वाटली. झोपेत मी कशाला घट्ट धरून ठेवलं होतं, ते मला माहीत आहे.

६ मार्च, शुक्रवार

माल यायला उशीर. तास मोकळा. लिहितो.

पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कामावर माझी क्रेन एका ऑफिसच्या इमारतीसमोर उभी होती. तिथं खिडकीपाशी एक मुलगी बसायची. निळा कुर्ता. नकाशे काढायची. एक दिवस तिच्या खिडकीच्या काचेवर पिवळे चौकोन दिसले. एकेका अक्षराला वीस-पंचवीस चिठ्ठ्या लावून केलेली अक्षरं. पण सगळं उलटं! तिनं आतून सरळ लावलं होतं, मला बाहेरून आरशातल्यासारखं दिसत होतं. मी डोकं तिरकं करून बघतोय, ती वाट बघतेय. दुसऱ्या दिवशी तिनं सगळं उपटून नीट उलटं लावलं, तेव्हा वाचता आलं – "जेवलास का?"

उत्तर कसं द्यायचं? रिकामा आकडा दोनदा वर-खाली केला. खालच्या पोरांना वाटलं मशीन बिघडलं.

असं आमचं लग्न जमलं. घरात आईसमोर ती मला अहो म्हणते, कागदावर अजून तू. चिठ्ठीत माझं नाव ढगोबा. सगळे विनोद उंचीचे. आता या ढगोबानं तिला कोणत्या तोंडानं सांगायचं की त्याला वर भीती वाटते? जो वर दिसला म्हणून आवडला, तो खाली आल्यावर आवडेल कशावरून? जमिनीवर माझ्यासारखे ढिगानं पडलेत. त्यात मी बुटका.

९ मार्च, सोमवार

"आज भाजी करपली. तुझ्याकडे बघत होते. नुकसानभरपाई घरी वसूल करीन."

बत्तिसावी. जुन्या वहीत जपलेल्या आणून लावल्या, त्या वेगळ्या.

चिठ्ठी लावायचीही पद्धत असते, ती तिनंच शिकवली. गठ्ठ्यातून खालून वर ओढली तर कागद गोल वळतो आणि दोन तासांत गळून पडतो. बाजूनं, गोंदाच्या पट्टीच्या रेषेत सोलायची, मग सपाट बसते. डब्यात तर आणखी भानगड – वाफ. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात तिनं शाईच्या पेनानं लिहिलं, भात गरम होता, झाकण उघडलं तर सगळा निळा चिखल. दुसऱ्या दिवसापासून बॉलपेन. भात आधी उघडा ठेवून निववते, झाकण आतून कोरडं पुसते, मगच चिकटवते. भाताखालची चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. पहिली झाकणाला, कारण ती आधी दिसते. विनोदाचा फटका खालच्या चिठ्ठीत, कारण तिथवर पोचायला जेवावं लागतं. असा तिचा हिशोब.

अक्षर मात्र गचाळ. वाण्याची यादी लिहिते ती मोत्यासारखी, आणि माझ्या चिठ्ठीवर ओळी खाली घसरलेल्या, काने वाकडे. सकाळची घाई. दुसरं काय.

१० मार्च, मंगळवार

"पुढच्या जन्मी मी पक्षी होणार. तुझ्या काचेवर घाण करीन. तू पुसायला येशील. तेवढीच भेट."

वाचून रडू आलं. या चिठ्ठीवर कोण रडतं?

१२ मार्च, गुरुवार

खालून इशारे देतो त्याला सगळे शिट्टी म्हणतात. पूर्वी शिट्टी वाजवायचा, आता रेडिओ आहे. आज म्हणाला, "दादा, हल्ली तुम्ही खाली बघतच नाही. सगळं मलाच विचारता. आणि तुमच्या पायाखाली ते पिवळं काय लावलंय?"

म्हटलं, ऊन लागतं.

"खालून?"

म्हटलं, पुढचा माल कुठे ते सांग. त्यानं तेवढंच सांगितलं. पोरगा शहाणा आहे, आणि तेच वाईट.

त्याच्या आवाजावर काम चालू आहे. दोन मीटर उजवीकडे, एक खाली, थांबा. आंधळ्याला हात धरून रस्ता ओलांडून द्यावा तसं. काच साफ हवी हा नियम मी स्वतः चार जणांना शिकवलाय. घरी गेलो की वाटतं उद्या सगळ्या काढून टाकू. सकाळी वर चढलो की एकही काढवत नाही. खाली जमीन, वर तिचे विनोद, त्यांच्याही वर मी. कुठूनही सुटका नाही.

आज तिनं विचारलं, "अहो, चिठ्ठ्या ठेवता ना जपून?" म्हटलं, रोज डोळ्यांसमोर असतात. खोटं नव्हतं.

१४ मार्च, शनिवार

"ढगोबा, वारा जोराचा आहे. केस विंचरून काय उपयोग? घरी ये, मी विसकटते."

१६ मार्च, सोमवार

काहीही झालं तरी हे आजच लिहायचं.

अकरा वाजता सळ्यांचा भारा उचलला. दोन टन. शिट्टी सांगत होता – डावीकडे, अजून, अजून – आणि रेडिओ गप्प झाला. बॅटरी माझीच संपली होती. आवाज गेला की हलायचं नाही, हा नियम. थांबलो. आता काय करायचं तेही माहीत होतं. खाली बघायचं. शिट्टी हातानं इशारे करत असणार. मला फक्त चिठ्ठ्या दिसत होत्या. भाजी करपली. केस विसकटते. पक्षी होणार.

एक सोलायची होती. एकच. हात काचेपर्यंत गेला आणि पुढे जाईना. भारा माणसांच्या डोक्यावर लटकतोय की रिकाम्या जागेवर, मला माहीत नव्हतं. खाली ओरडा ऐकू येत होता, शब्द लागत नव्हते. अकरा मिनिटं मी दोन टन लोखंड धरून, डोळे मिटून बसलो. शेवटी शिट्टी दुसरा रेडिओ घेऊन अर्धी शिडी चढून आला आणि तिथून ओरडला, तेव्हा माल उतरवला.

खाली सात जण होते. साहेबांनी त्यांना बाजूला काढलं होतं. एकाचा पाय अडकला होता म्हणे, तो सर्वांत शेवटी निघाला.

मग शिट्टीनं तो रेडिओ वर आणून दिला. त्यावर साहेब – "झोपला होतात का?" म्हटलं, बॅटरी. तेही खोटं नव्हतं. शिट्टी चिठ्ठ्यांकडे बघून खाली उतरला.

दुपारी डोकं दुखतंय सांगून काम थांबवलं. दार लावून घेतलं आणि काचेसमोर गुडघ्यावर बसलो. एकेक सोलली, बाजूनं, ओढून नाही. वाचत वाचत. घाम टपकत होता, दोनदा डोळे मिटावे लागले. शेवटची निघाली तेव्हा सगळी जमीन उघडी झाली, आणि मी मागे भिंतीला चिकटून बसलो.

चाळीसच्या वर असतील. सगळ्या वहीत ठेवल्या. एकीच्या पाठीवर बॉलपेननं लिहिलं – "मला वर भीती वाटते. दीड महिना झाला. आज माणसं मेली असती. तुझा ढगोबा आता वर जाऊ शकत नाही. राग आला तर राग, पण हसू नकोस." रिकाम्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली. इतक्या वर्षांत डब्यातून परत गेलेली माझी पहिली चिठ्ठी.

१७ मार्च, मंगळवार, पहाटे

काल संध्याकाळी तिनं डबा उघडला, तेव्हा मी बाहेरच्या खोलीत आईजवळ बसलो होतो. नळाचा आवाज बराच वेळ चालू होता. मग जेवताना एवढंच – "अहो, भाजीत मीठ कमी आहे का?"

म्हटलं, नाही, बरोबर आहे.

बस. आज नेहमीसारखा डबा भरलाय, ओट्यावर ठेवलाय. म्हणजे तिनं ठरवलं, मी वर जायचं.

१७ मार्च, साडेसात

शिडीपाशी आहे. डबा एक वाजेपर्यंत उघडायचा नाही हा आमचा नियम. मोडला.

"मलाही. पहिल्या दिवसापासून. रोज सकाळी तुझा डबा भरताना हात कापतो, अक्षर बघ. तुला हसवल्याशिवाय दाराबाहेर सोडवत नाही, म्हणून लिहिते. खाली ये म्हणायची हिंमत झाली नाही, वाटलं उंचीशिवाय तू उदास होशील. उंच माणूस मी कधी मागितला होता? खिडकीतून एवढंच विचारलं होतं – जेवलास का?"

शिट्टीला साहेबांना बोलवायला पाठवलंय. सगळं सांगणार आहे, फक्त बॅटरीचं नाही, भीतीचं आणि चिठ्ठ्यांचंही. ते यायच्या आत इथंच, जमिनीवर बसून, जेवलो.