नुसते बूट

४ जानेवारी

ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलं, "लग्नात सही करताना तुझा भाऊ रडला म्हणे?" आणि मी उत्तर द्यायला फोन उघडला! त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होते मी. सहाशे बारा फोटो काढलेत. तो रडला का, ते मला आठवत नाही.

५ जानेवारी

ठरलं. सुरुवातीला पाच फोटो, मग फोन पर्समध्ये. लेकीच्या कार्यक्रमात एकाने शूटिंग करायचं, दुसऱ्याने नुसतं बघायचं. नवरा हसला. "बघू किती दिवस टिकतंय!"

११ जानेवारी

गाण्याच्या कार्यक्रमाला गेलो. एक अंतरा रेकॉर्ड केला आणि फोन ठेवून दिला. हात शिवशिवत होते. पण दुसऱ्या गाण्यापासून गायिकेच्या गळ्याची शीर ताणली जाताना दिसली. घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं, नुसती खरखर. जमतंय की!

१७ जानेवारी

उद्या लेकीचं नाटक. ती कासव. चार वाक्यं, पाठीवर पुठ्ठ्याची ढाल. शूटिंगची पाळी नवऱ्याची. स्टँड दिला, फोनमध्ये जागा करून दिली, फोन आडवा धर म्हणून तीनदा बजावलं. "निर्धास्त बघ तू," म्हणाला.

१८ जानेवारी

बघितलं. पापणी लवू दिली नाही. तिसऱ्या वाक्याला अडली, जीभ बाहेर काढली, आठवलं! ढाल एका बाजूला कलंडलेली. मी रडले, हसले, टाळ्या पिटल्या.

आणि घरी येऊन त्याच्या फोनमध्ये बघते तर काय — एक मिनिटाचा व्हिडिओ, सुरू होण्याआधीचा. उघडला तर नुसते बूट. पुढे बघवलंच नाही.

"बटण दोनदा दाबलं गेलं गं. मला वाटलं चालू आहे."

एवढंसं काम! विश्वासाने खांद्यावर मान टाकली आणि याने केसाने गळा कापला. माझ्या हातात फोन असता तर सगळं असतं आज माझ्याकडे.

१९ जानेवारी

अबोला.

२१ जानेवारी

भांडण काढलं मीच. "तुला किंमतच नाही कशाची!" त्याच्याकडून सॉरीसुद्धा नाही. लेक मध्येच म्हणाली, "आई, बाबाला रागावू नको ना." तिलाही झिडकारलं. जळ्ळा मेला नियम. पुढच्या वेळी मी दोन फोन घेऊन बसणार.

२५ जानेवारी

तो बुटांचा व्हिडिओ पुसून टाकायचा म्हणून त्याच्या फोनवर हात गेला. आज आवाज चालू होता. खाली धरलेला फोन, त्याचे बूट, शेजारी कासवाचे हिरवे मोजे.

"बाबा, व्हिडिओ नको काढू."

"आई चिडेल गं."

"चिडू दे. व्हिडिओ असला की ती नंतर बघते म्हणते. आणि मग बघतच नाही."

मग त्याचा आवाज. "बरं. माझ्याकडून चुकून बंद पडला म्हणून सांगू."

बूट पुसले नाहीत. ठेवलेत.