उलट लागलेला तुकडा

॥ श्री ॥
बऱ्हाणपूर
९ फेब्रुवारी १९७८

ती. मधुकरकाका यांना,
कोकिळेचा शि. सा. न. वि. वि.

मी पुंडलिकरावांची मुलगी. आपण मला पाहिलेलं नाही आणि मी आपल्याला, पण महिन्यातून एकदा येणारा आपला लिफाफा मी लहानपणापासून ओळखते. नानांचे हिंगणीचे मास्तर म्हणून आपण आमच्या घरातलेच झाला आहात.

काका, नाना सोमवारी पहाटे घरातून गेले ते अजून आले नाहीत. अंगावरचं धोतर, कोट आणि काठी. एक पिशवीही दिसत नाही. जाताना कुणाला एक शब्द बोलले नाहीत. प्रभाकरदादाने नातलग, दवाखाने, स्टेशन सगळीकडे विचारून पाहिलं. पोलिसांतही कळवलं.

त्यांच्या मेजाखालच्या टोपलीत एक फाडलेलं पत्र मिळालं. वर आपलं नाव असावं असा आमचा अंदाज, कारण ते मोडीत आहे आणि मोडीत नाना फक्त आपल्यालाच लिहितात. दादाने तुकडे जुळवून एका पुठ्ठ्यावर चिकटवले. अस्सल कागद टपालात घालायची छाती होईना, म्हणून फोटो स्टुडिओत नेऊन त्याचा फोटो काढवला. तो सोबत आहे. इथे मोडी वाचणारे एक जुने कारकून होते, ते गेल्या वर्षीच वारले. आपण दोघा मित्रांनी मोडी विसरायची नाही म्हणून आयुष्यभर त्यातच लिहायचं ठरवलं होतं, हे नाना कौतुकाने सांगायचे. आज त्या कौतुकाचा मला राग येतो. माझ्याच वडिलांचं पत्र समोर आहे आणि मी त्यापुढे निरक्षर.

जे असेल ते स्पष्ट कळवा. माया आहेच, ती उत्तराच्या घाईत दिसू द्या.

आपली
कोकिळा


॥ श्री ॥
हिंगणी
१२ फेब्रुवारी १९७८

चि. कोकिळा हीस,
मधुकरकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी आलं. तेव्हापासून मी अंगणात उन्हात बसून फोटो वाचतो आहे. तुझी काकू चतुराबाई तर दर थोड्या वेळाने येऊन विचारते, की काऊन बसून राह्यले, मास्तर असून एक पत्र वाचता येत नाई का. तिला काय सांगू? शाळेत मी पोरांना तीस वर्षं बाराखडी शिकवली, पण मोडी म्हणजे बाराखडी नव्हे. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली टाक न उचलता लिहीत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, वाक्य संपल्याची खूण नाही. अक्षर-अक्षर लावून चालत नाही, तोंडाने वाचत पुढे जावं लागतं, मग कानाला शब्द कळतो. तुझ्या नानांचा हात मी ओळखतो म्हणून निभावतं आहे. पण या वेळी त्यांची अक्षरं रेघ सोडून घसरली आहेत, काही ठिकाणी एका ओळीवर दुसरी चढली आहे. त्यांचा हात असा कधीच नव्हता.

फोटो पोस्टकार्डाएवढा आहे. भिंगाखाली कागदाचे तंतू दिसतात आणि अक्षर विरतं. तरी निम्मंअधिक लागलं. वरच्या भागात माझ्या प्रकृतीची चौकशी आणि आमच्याकडच्या निवडणुकीच्या भोंग्यांची थट्टा आहे. मधल्या भागाचं मात्र लिहायला हात धजत नाही. तू स्पष्ट कळवा म्हणालीस, म्हणून जसं लागतं तसं देतो: रोज तापीच्या घाटावर जातो, डोळे मिटून पडायचं, घरी कुणाला सांगितलेलं नाही.

पोरी, मला भीती वाटते. पण हा माणूस असं करणारा नव्हे, असंही मन म्हणतं. पत्र लिहिलं आणि मग फाडलं, म्हणजे विचार बदलला असेल. घाटावर शोध घ्या, नावाड्यांना विचारा. आणि एक काम कर. त्याच निगेटिव्हच्या काचेवरून मोठा, पानाएवढा फोटो काढून घे. फोटोवाल्याला म्हणावं, कडक कागदावर छाप, म्हणजे काळं काळं आणि पांढरं पांढरं उठेल, आणि जरा गडद ठेव. कागदात फिकट सावल्या दिसतात, त्या मला हव्या आहेत. पुठ्ठ्यावरचे तुकडे ओले करून सोडवू नका, शाई पसरेल. ते तुकडे कसे मिळाले, कसे चिकटवले, तेही बारकाईने लिही.

धीर सोडू नकोस. आमच्या देवापुढे दिवा लावला आहे.

तुझा
मधुकरकाका


॥ श्री ॥
बऱ्हाणपूर
१५ फेब्रुवारी १९७८

ती. मधुकरकाकांना व काकूंना,
कोकिळेचा साष्टांग नमस्कार.

आपलं पत्र दादाने वाचलं आणि तो उठून थेट घाटावर गेला. दोन दिवस नावाडी गळ टाकून राहिले. काही मिळालं नाही. मिळालं नाही म्हणून बरं म्हणावं की वाईट, हेच कळत नाही. नाना रोज सकाळी घाटावर जातात हे खरं आहे. नावाडी म्हणाले, की अलीकडे ते वरच्याच पायरीवर बसायचे, पाण्यापर्यंत उतरायचेच नाहीत. मी मात्र रोज त्यांना चहा देत होते आणि मला त्यांच्या मनातलं काहीच दिसलं नाही.

मोठा फोटो एक्स्प्रेस टपालाने पाठवते आहे. फोटोवाल्याने पैसे घेतले नाहीत. तुकड्यांचं म्हणाल, तर पत्र घडी करून फाडलेलं होतं, त्यामुळे सगळे तुकडे जवळजवळ सारखेच चौकोनी. दोन्ही बाजूंना लिहिलेलं होतं. दादाने एक बाजू वर धरून जुळवत नेलं. आडव्या रेघा एकमेकींना मिळाल्या की तुकडा बरोबर, असा त्याचा हिशेब. मधला एक तुकडा नीट बसत नव्हता, त्याची कड त्याने कात्रीने सारखी केली. मग डिंक लावला. मागची बाजू पुठ्ठ्याला गेली ती गेलीच. मागचंही वाचावं लागेल हे त्या घाईत आमच्या ध्यानातच आलं नाही. दादा आता डोकं धरून बसला आहे. मी त्याला काही बोलले नाही, पण बोलावंसं वाटतं.

काका, खोटा दिलासा देऊ नका. खरा असेल तर तार करा.

आपली
कोकिळा


॥ श्री ॥
हिंगणी
१८ फेब्रुवारी १९७८

चि. कोकिळा हीस,
अनेक आशीर्वाद.

तार सकाळीच केली आहे, ती तुला याच्या आधी मिळेल. तारेत मावलं नाही ते इथे लिहितो.

तुझ्या पत्रातल्या त्या कात्रीवर माझं बोट अडकलं. मोठ्या फोटोत बघितलं, तर त्या मधल्या तुकड्यावरच्या रेघा शेजारच्या रेघांना मिळतात खऱ्या, पण दोन ओळींमधलं अंतर किंचित कमी आहे. नाना रेघा पट्टीने ओढतात, एका बाजूला एका अंतराने ओढल्या की तेच अंतर खालपर्यंत. म्हणजे हा तुकडा दुसऱ्या बाजूचा. वरची बाजू खाली करून चिकटला आहे! घडीवर फाडलेले तुकडे चौकोनी, त्यामुळे उलटा करूनही बसला. मोडीत शब्द सुटे नसतात, म्हणून वाचतानाही मला जोड कळला नाही.

मग तुझ्या काकूचा कुंकवाचा आरसा घेतला. नानांची शाई घरची, कागद पातळ, ती पलीकडे झिरपते. फोटोत ज्या फिकट सावल्या होत्या, त्या म्हणजे मागची अक्षरं, उलटी दिसणारी. आरशात धरली की सुलटी होतात. सगळी नाही, पण रेघेला धरून सरकत गेलं की एकेक शब्द हाती येतो. त्या उलट्या तुकड्याच्या सावलीत आधी वाचलं. तिथे होतं: पण पायऱ्या दिसत नाहीत, काठीने चाचपतो. आता पुढची बाजू अशी लागते, की रोज तापीच्या घाटावर जातो पण पायऱ्या दिसत नाहीत, काठीने चाचपतो, घरी कुणाला सांगितलेलं नाही.

पोरी, नानांना दिसत नाही. मोतीबिंदू असावा. एवढंच त्यांनी घरी सांगितलेलं नाही.

आणि ते डोळे मिटून पडणं मागच्या बाजूचं. तिथल्या सावल्या फार फिकट आहेत, दुपारभर आरसा हलवत बसलो तेव्हा एवढं लागलं: पुलगावच्या शिबिरात नाव घालतो, पट्टी बांधली की आठवडाभर डोळे मिटून पडायचं. पुलगावला डोळ्यांचं मोफत शिबिर भरणार असल्याचं मीच त्यांना दिवाळीच्या पत्रात लिहिलं होतं आणि विसरून गेलो होतो. पुढच्या दोन ओळी डिंकाच्या डागाखाली गेल्या, त्या लागत नाहीत.

अजून जीव थाऱ्यावर नाही. दिसत नसलेला माणूस एकटा गाडीत बसला, भुसावळला गाडी बदलली की नाही, पोचला की नाही, काय ठाऊक. उद्या पहिल्या बसने निघतो. चतुराबाईने दोघांपुरत्या दशम्या बांधल्या आहेत. ती म्हणते, त्याले घेऊनच येजो, नाईतर तुमीबी येऊ नोका.

तुझा
मधुकरकाका


॥ श्री ॥
पुलगाव
१९ फेब्रुवारी १९७८

चि. कोकिळा हीस,
आशीर्वाद.

सापडले! सुखरूप आहेत. पोस्ट उघडलं की तार करीनच, पण लिहिल्याशिवाय बसवत नाही.

धर्मशाळेच्या ओसरीत गवतावर सतरंज्या घालून माणसं रांगेने निजली आहेत. सगळ्यांच्या दोन्ही डोळ्यांना पट्ट्या, सगळ्यांच्या अंगावर शिबिराचं एकसारखं घोंगडं. तीस वर्षांचा स्नेह, पण सगळा पत्रांतून, तोंड कधी पाहिलेलं नाही. कुणाकडे बघून ओळखू? स्वयंसेवकाने वहीत नाव पाहून कोपऱ्यातली जागा दाखवली. मी शेजारी बसून म्हटलं, की हिंगणीचा मधुकर आलो आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, की मधुकरचा आवाज असा चिरका असणं शक्य नाही. मग माझा हात चाचपून धरला तो जेवणाची घंटा होईपर्यंत सोडला नाही. माझ्या दशम्या मात्र दोन्ही वाट्यांच्या त्यांनीच खाल्ल्या.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन बुधवारी झालं. घरी का सांगितलं नाही असं मी रागानेच विचारलं. म्हणाले, की तुमची आई ऑपरेशनच्या टेबलावर गेली, तेव्हापासून प्रभाकर दवाखान्याचं नाव काढलं तरी पांढरा पडतो. त्याने येऊ दिलं नसतं. पत्र फाडलं ते एवढ्यासाठी, की मला आधी कळलं तर मी घरी कळवीन. पट्टी सुटली की आपल्या डोळ्यांनी रस्ता बघत हिंगणीला यायचं आणि मला चकित करायचं, असा बेत होता. तो मी मोडला म्हणून रुसले आहेत. तुम्ही तापीत गळ टाकले हे मी सांगितलं, तेव्हा मात्र रुसवा सरला. पट्टीखालून पाणी येऊ लागलं तशी नर्सबाई मलाच रागावली.

येत्या बुधवारी पट्टी सुटणार. दिसेल की नाही, डॉक्टर आज काही सांगत नाहीत. त्यांना वाटतं पहिल्यांदा मला बघावं. मलाही तीस वर्षं तेच वाटत आलं आहे, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्यासाठी या दिवसांत कुणाचा जीव गेला आणि आला, हे मला ठाऊक आहे. तू ये. पट्टी सुटताना समोर तू उभी राहा, मी मागे खांबाशी राहीन.

वाट पाहतो. प्रभाकरला माझा राग नाही म्हणून सांग.

तुझा
मधुकरकाका


॥ श्री ॥
बऱ्हाणपूर
४ मार्च १९७८

ती. मधुकरकाकांना व काकूंना,
कोकिळेचे कृतानेक साष्टांग नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. नाना जाड भिंगांचा चष्मा लावून घरभर फिरतात आणि भिंतीवरची कोळिष्टकं दाखवतात. दादाने त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, तर त्यांनी त्याला डिंक जपून वापरत जा एवढंच सांगितलं. काकूंच्या हातची तिळाची चटणी संपली आहे, हे कळवायची मला ताकीद आहे.

पट्टी सुटली तेव्हा आपण होताच. त्यांनी मला नावाने हाक मारली, मग आपल्याकडे बघून इतक्या देखण्या अक्षराचा माणूस इतका काळा-लुकडा कसा म्हणाले आणि सगळी ओसरी हसली. पण नंतर गाडीत एक गोष्ट झाली, ती दादालाही सांगितलेली नाही. खिडकीतून ऊन येत होतं. नाना चष्म्यातून माझ्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, काही हवं असेल. त्यांनी हळूच विचारलं, की कोकिळे, तुझे केस कधी पिकले?

काका, आई गेली त्या वर्षापासून माझे केस पांढरे आहेत. त्याला आता सहा वर्षं होतील.

लोभ आहे तो असाच आमच्या घरावर राहू द्या.

आपली
कोकिळा