सेंट्रिफ्यूजचा खुलासा

२१ जानेवारी, मंगळवार

आत्ताच लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

आज प्रॅक्टिकलला बांगड्यातलं प्रोटीन वेगळं करायचं होतं. वाटलेला मासा मिठाच्या पाण्यात कालवायचा, नळीत भरायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा. समोरासमोरच्या नळ्या वजनाने सारख्या हव्यात — तोलून! तराजूपाशी ही रांग. मी समोरच्या नळीत साधं पाणी ओतलं, रेघेला रेघ जुळवली आणि रजिस्टरात वजनाच्या दोन्ही रकान्यांत एकच आकडा ठोकून दिला. सगळेच ठोकतात. पण मासा आणि मीठ पाण्याहून जड! बीएस्सीच्या टीवायला येऊन एवढं कळू नये मला? गाढव!

मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर मशीन टेबलावर नाचायला लागलं. धाडधाड! मी बटण बंद केलं. पण बंद केल्यावरही आतलं चक्र दोन-तीन मिनिटं फिरत राहतं. तोवर झाकणाचं लॉक उघडायला नको. ते लॉक दिवाळीपासून अडकायचं, म्हणून लॅबच्या लवूकाकांनी तारेने बांधून कायमचं मोकळं ठेवलेलं.

माझी लॅब-पार्टनर महरीन ओरडली, "दीपाली, हात नको लावू!" मी झाकण उचललं. माझी नेहमीची घाई! ती मला मागे ओढायला आली, आणि नळी ठेवायची लोखंडी वाटी आतून सुटून तिच्या उजव्या हातावर बसली.

हाड मोडल्याचा आवाज ऐकला मी. भिंतीवर मासा आणि रक्त.

२२ जानेवारी

नोटीस. तीन दिवसांत लेखी खुलासा. प्रति प्राचार्य, मार्फत विभागप्रमुख, खाली पालकांची सही. मशीन दोन लाख चाळीस हजाराचं. "खुलासा समाधानकारक नसल्यास परीक्षेला बसू दिले जाणार नाही."

पालक म्हणजे इथे केरूमामा. आईबाबा देवरूखला, त्यांना अजून कळवलेलं नाही.

२३ जानेवारी

पहिला खुलासा खराखुरा लिहिला. नळ्या तोलल्या नाहीत. आकडे खोटे. लॉक बांधलेलं, हे मला माहीत होतं. चक्र फिरत असताना झाकण मी उघडलं.

मामाने वाचला आणि थोबाडीत ठेवून दिली. "स्वतःच्या हाताने फाशी लावून घेतंस काय गो? झाकण तिने उघडलान म्हणून लिही! ती हास्पिटलात पडलीय, सांगायला येणाराय?"

दुसरी बसली तशी मीही ढकललं त्याला. कपाटावर आपटला. मामी किंचाळली. ओठ फुटलाय माझा.

मग खोलीत बसून दुसरा लिहिला. मामाने मान धरून नव्हता लिहून घेतला. मीच लिहिला, चांगल्या अक्षरात. चौथी ओळ — "झाकण महरीनने उघडले."

मामाने सही केली.

२४ जानेवारी

दिला. विभागप्रमुख मॅडमनी वाचला, ओठाकडे बघितलं, शेरा मारून पुढे पाठवला. पोच मिळाली.

२५ जानेवारी, शनिवार

हॉस्पिटलात गेले. महरीन औषधाच्या गुंगीत. तिची अम्मी, हफीजाचाची, बाहेर बाकड्यावर. "दोन बोटं काढली गो बाय." मग माझा ओठ बघून म्हणाली, "तुलापण लागलं का? जेवलीस?"

मी तिथून पळत सुटले.

बाहेर वर्गातला विनोद भेटला. "बरं झालं, तू सुटलीस." मारला त्याला! कॉलर धरून मारला, नाकातून रक्त येईस्तोवर. रिक्षावाल्यांनी ओढून काढलं. तो बिचारा खाली बसून विचारत होता, "अगं पण मी काय केलं?" त्याने काहीच केलं नव्हतं. मारायचं होतं मला, मलाच.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला गेले नाही. भिंतीवर मूठ आपटली. सुजलीय. बोटं मात्र पाचही आहेत.

२७ जानेवारी

ऑफिसात खुलासा परत मागितला. क्लार्क म्हणाले, "आवक नंबर पडला. आता परत नाही मिळत. काही बदलायचं असेल तर पुरवणी खुलासा दे."

कागद काढला. "प्रति, मा. प्राचार्य" एवढं लिहिलं आणि हॉलतिकीट डोळ्यांपुढे आलं. घडी घालून पिशवीत टाकला. उद्या लिहीन म्हणाले. थू माझ्यावर!

२८ जानेवारी

प्राचार्यांनी बोलावलं. "तुमचा खुलासा मान्य झालाय," म्हणाले आणि तोच कागद पुढे सरकवला. काल मॅडम तो घेऊन हॉस्पिटलात गेल्या होत्या, महरीनचं म्हणणं घ्यायला. चौथ्या ओळीशेजारी डाव्या हाताची वाकडीतिकडी अक्षरं — "बरोबर आहे. झाकण मीच उघडलं. दीपालीला परीक्षेला बसू द्या."

मी सरांकडे कोरा कागद मागितला.