हमीदाचा डावा हात

७८६

बिबवेवाडी, पुणे
१४ सप्टेंबर १९९७

चि. मन्सूर यास अम्मीकडून पोटभर दुवा आणि थोडी बोलणी.

वि. वि. इकडे सारी खुशाल आहेत. तुझी मस्कतची तब्येत आणि कंपनीची व्हॅन, दोन्ही ठणठणीत असतील असे धरून चालते. हे पत्र शेजारच्या पद्मजाबाई लिहीत आहेत. सवयीने त्यांनी वर ‘श्री’ काढला, मग जीभ चावून खोडला. मी म्हटले राहू द्यायचा, टपालवाला काही दोन तिकिटे मागत नाही. तुझी हमीदा हे पत्र लिहायला बसेना, कारण मजकूर तिच्याबद्दलचाच आहे.

तर ऐक. तुझी लेक शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाली. पहिल्या वेळी मी काही बोलले नाही. म्हटले, घाबरली असेल. पण या वेळी ती घाबरली नव्हती रे. संगम पुलाजवळच्या त्या आरटीओत रांगेत उभी राहिली, फॉर्म दिला, तब्येतीचा कागद दिला, फोटो दिले. आत साहेबांनी भिंतीवरच्या तक्त्यावर छडी ठेवून खुणा विचारल्या. शाळेची खूण, अरुंद पुलाची खूण, प्रवेश बंदची खूण, सगळ्या तिने सांगितल्या. मग रस्त्याचे नियम तोंडी विचारले. ही एकाही प्रश्नाला अडखळली नाही म्हणे. शेवटी साहेब म्हणाले, हाताने इशारे करून दाखवा. हिने दाखवले. त्यांनी हिच्या हाताकडे पाहिले, शेजारच्या कारकुनाकडे पाहिले, आणि आठ दिवसांनी अभ्यास करून या म्हणाले. काय चुकले ते विचारायला ही थांबली, तर मागच्या माणसाने हिला कोपराने पुढे सरकवले.

आता मला सांग, जी मुलगी एकही उत्तर अडखळत नाही ती नापास कशी होते? आमच्या काळी नापास व्हायला निदान उत्तर येत नसावे लागायचे.

अभ्यास तर ती तुझ्याच पत्रांतून करते. तू जानेवारीपासून चौक, गोल, बाण काढून पाठवतोस ना, ती सारी पत्रे तिने भिंतीला चिकटवली आहेत. आरटीओबाहेर पुस्तक मिळते, ते घेऊ का म्हटले तर म्हणाली, अब्बूंनी शिकवलेले असताना पुस्तक कशाला. रोज संध्याकाळी गच्चीवर स्टुलावर बसते, डावा हात बाहेर काढते, वळवते, वरखाली करते. पाटलांच्या सोजरबाईंना वाटले आमच्या पोरीवर कुणी काहीतरी केले आहे.

घाई एवढ्यासाठी की त्या रक्त तपासणीच्या लॅबवाल्यांनी दिवाळीपर्यंत जागा राखली आहे. घरोघर जाऊन नमुने आणायचे काम आहे. शिकाऊ परवाना दाखवला तर नाव ठेवतील, आणि पक्का होईपर्यंत लॅबमध्येच बसवतील. नाही तर दुसरी मुलगी घेतील. तुझा धाकटा भाऊ मैनुद्दीन म्हणतो, भाऊजानची ती स्कूटर आता विकू आणि पोरीचे लग्न बघू. त्याला सायकलशिवाय काही चालवता येत नाही, म्हणून त्याला दुसऱ्याचे चाक खुपते.

पोर जेवत नाही नीट. तू दोन शब्द लिही. लहानच लिही, ती चार वेळा वाचते आणि मला चार वेळा ऐकावे लागते.

तुझ्यावर रागावलेली पण तुझीच,
अम्मी (अख्तरबानू)


मस्कत
२६ सप्टेंबर १९९७

लाडक्या हमीदास अब्बूचे अनेक आशीर्वाद.

बेटा, अम्मीचे पत्र मिळाले. दोनदा नापास म्हणजे काय मोठे? मी इथे तीनदा झालो. घरी कुणाला लिहिले नव्हते, आता तुला लिहितो.

पहिल्या वेळी परीक्षक शेजारी बसले होते. हाताने इशारा दाखव म्हणाले. मी पुण्याच्या सवयीने उजवा हात झपकन बाहेर काढायला गेलो, आणि तो थेट त्यांच्या डोक्यावरच्या टोपीला लागला. इथे चालकाची जागा डावीकडे, हे डोक्यात होते, हातात नव्हते. दुसऱ्या वेळी गोलावर, म्हणजे गोल चौकात, उजवीकडून येणाऱ्यांची वाट पाहत राहिलो, आणि मागे हॉर्नचा बाजार भरला. तिसऱ्या वेळी काय केले ते सांगत नाही, तू हसशील. चौथ्या वेळी पास झालो आणि त्या रात्री शेजारच्या खोलीतल्या केरळी मित्रांनी मला बिर्याणी दिली.

तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. तुला सगळे येते, मी शिकवले आहे ना. गोलावर डावीकडे बघ, पुढच्या गाडीला मागे टाकायचे तर डावीकडून, हात ताठ ठेव. घाबरू नकोस. मैनुद्दीनला सांग, स्कूटर विकायची नाही. आठवड्यातून एकदा किक मारून ठेव.

तू पास झाल्याच्या पत्राची वाट पाहणारा,
अब्बू


७८६

बिबवेवाडी, पुणे
९ ऑक्टोबर १९९७

चि. मन्सूर यास दुवा.

वि. वि. तुझे पत्र आले, आणि घरात काय चालले आहे ते मला उमगत नाही. पद्मजाबाईंनाही नाही, आणि त्या तर शाळेत गणित शिकवायच्या.

हमीदाने पत्र उभ्यानेच वाचले. टोपीपाशी आली तशी हसली. मग पुन्हा मागे गेली. पुन्हा वाचले. मग भिंतीजवळ जाऊन तुझी सगळी पत्रे एकेक करून पाहिली, जणू कुणी रात्रीतून अक्षरे बदलली आहेत. मग डोळ्यांना ओढणी लावून मटकन खाली बसली. मी विचारले, अब्बू बरे आहेत ना? तर म्हणाली, अब्बू एकदम बरे आहेत दादी, अब्बू तीनदा नापास झाले. आणि परत हसली. हे सांगताना कुणी रडते का रे?

त्या संध्याकाळी गच्चीवर स्टुलावर बसली, पण या वेळी हात उजवा. डावा बाहेर यायला लागला की त्याला मांडीवर दाबून ठेवायची. मी म्हटले, आठ महिने एक हात शिकवलास, आता परीक्षा तोंडावर आली आणि हातच बदललास? म्हणाली, दादी, नंतर सांगते. दुसऱ्या दिवशी आरटीओबाहेरचे ते पुस्तक घेऊन आली, जे अब्बूंनी शिकवले असताना नको होते. पुस्तकात बघते, तुझ्या भिंतीकडे बघते, आणि हळूच माझ्याकडे बघून दृष्टी चुकवते. मी काय केले?

मला वाटले, तुझ्यावर रुसली. पण तुझी पत्रे काढली नाहीत. फक्त वर एक चादर टांगली. मैनुद्दीन म्हणतो, पोरीचे डोके फिरले, बघा, आता तरी स्कूटर विका. मी त्याला म्हटले, तुझे आहे का फिरण्यापुरते?

मंगळवारी तिसरी खेप आहे. हे पत्र पोचेपर्यंत निकाल लागलेला असेल, तेव्हा माझा गोंधळ तू बसल्या जागी सोडवशील. मी मात्र चार दिवस असेच काढणार. पद्मजाबाईंचा सलाम.

तुझी गोंधळलेली,
अम्मी


पुणे
१५ ऑक्टोबर १९९७

ती. अब्बूंना हमीदाचा सलाम.

अब्बू, मी पास झाले. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि तीस दिवसांनंतर पक्क्याची चाचणी देता येते. लॅबमध्ये तो दाखवला, त्यांनी माझे नाव ठेवले. हा सगळा तुमच्या पत्राचा गुण आहे, खरंच.

काय झाले ते तुम्हांला लिहावे की नाही यावर मी रात्रभर विचार केला. पण तुम्हीही आपले तीनदा लिहिलेत, म्हणून लिहिते. तुमच्या उजव्या हाताची गंमत वाचली आणि मला कळले. तुम्ही तिकडे पुण्याच्या सवयीने नापास झालात. मी इकडे मस्कतच्या धड्यांनी. आपल्याकडे रस्ता डावीकडून, हे कुणालाही माहीत आहे, मलाही होते. पण बाकीचे सारे त्याला धरून उलटते, हे लक्षात आले नाही. इथे चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. पुढच्या गाडीला उजवीकडून मागे टाकायचे. आणि सगळे इशारे उजव्या हाताने. डावीकडे वळतानासुद्धा उजवाच हात बाहेर काढून फिरवायचा. दोन्ही वेळा मी साहेबांना डावा हात अगदी आत्मविश्वासाने दाखवला, अब्बू. ते हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण.

काल त्यांनी मला ओळखले. उजवा हात पाहिल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि सही केली.

तुमचे धडे मला पाठ आहेत. ते चुकीचे नाहीत, फक्त मस्कतचे आहेत. कृपया वाईट वाटून घेऊ नका.

तुमची,
हमीदा


मस्कत
२८ ऑक्टोबर १९९७

लाडक्या हमीदास आशीर्वाद.

पत्र वाचून आनंद झाला. तुझे नाव राहिले याचा फार आनंद झाला. पण मन खट्टू झाले. इथे आल्यापासून सहा वर्षांत मी तुला दुसरे काही शिकवू शकलो नाही, ते एक शिकवले, ते उलटे. दोनदा तुला माझ्यामुळे मान खाली घालावी लागली. यापुढे गाडीबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. कुणा जाणत्याकडून शीक. डिसेंबरची रजा या वेळी घेणार नाही, कंपनीत काम आहे. पुढच्या वर्षी पाहू.

अब्बू


७८६

बिबवेवाडी, पुणे
११ नोव्हेंबर १९९७

मन्सूर,

चि. लिहू नका असे मी पद्मजाबाईंना सांगितले आहे. ‘चि.’ बरोबर दुवा द्यावी लागते, आणि आज माझी तशी इच्छा नाही.

कंपनीत काम आहे म्हणे. तुझे काम मला कळते. लाजलास, म्हणून येत नाहीस. अरे, लहानपणी उलटा सदरा घालून मशिदीत गेलास तेव्हाही दोन दिवस घराबाहेर पडला नव्हतास. चूक झाली की पोटात पाय घेऊन बसायचे, ही तुझी जुनी खोड.

हमीदाने तुझे पत्र वाचून दाखवले नाही, पद्मजाबाईंनी वाचले. हमीदा तुझ्या भिंतीवरची चादर काढत होती. प्रत्येक बाणाच्या शेजारी तिने लाल पेन्सिलीने इकडचा बाण काढला आहे. आता भिंत अशी दिसते की मला घरातल्या घरात कुठे वळावे ते कळत नाही. तिला विचारले, हे कशाला? म्हणाली, अब्बू आले की त्यांनाही लागेल. म्हणजे ती तुला शिकवणार आहे. तुझ्या पोरीने तुझी चूक पोटात घातली, तू कोण न घालणारा?

आता कामाचे ऐक. स्कूटर चालू झाली. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावला. मी कालच नवा बुरखा घालून मागे बसायला तयार झाले, खडकवासल्यापर्यंत ने म्हटले. तुझ्या लेकीने मला खाली उतरवले. शिकाऊ असताना मागे कुणाला बसवायचे नसते म्हणे, शिकवणारा असेल तर तेवढा एक, तोही पक्क्या परवान्याचा. नियम आहे दादी, असे मला, तिच्या बापाच्या आईला, रस्त्यात उभे करून सांगितले. माझ्या मैनुद्दीनकडे सायकल आहे. पद्मजाबाईंकडे छत्री आहे. मोटार स्कूलच्या उल्काबाई येतात, पण त्या तासावर येतात आणि गाडीपेक्षा स्वतःच्या साडीला जास्त जपतात.

घरात पुण्याचा पक्का परवाना असलेला माणूस एकच, आणि तो मस्कतला तोंड लपवून बसला आहे.

रजेचा कागद आजच दे. येशील तेव्हा स्कूटरची किल्ली मागू नकोस, ती मिळणार नाही. तू मागे बसायचे, दोन्ही हात मांडीवर.

वाट पाहते,
अम्मी