राजधानीवर चाल करण्याआधी

प्रिय भाऊजी,

तुमचं सैन्य आमच्या राजधानीच्या भिंतीला येऊन भिडलं आहे आणि पुढची चाल तुमची आहे, म्हणून हे पत्र. आमच्याकडे आता एवढं एकच शहर उरलं आहे. ते पडलं की आमचं राज्य नकाशावरून पुसलं जाईल आणि डाव संपेल. तुम्हा दोघा भावांमध्ये आजवर चालू राहिलेली गोष्ट तेवढी एकच आहे. फोन केला असता, पण आमच्या घरचा नंबर दिसला की तुम्ही उचलत नाही. कॉम्प्युटरवरच्या त्या खेळातल्या निरोपाच्या चौकटीत एक अक्षरही लिहायचं नाही, हा तर तुम्हा दोघांचा नियम. तेव्हा हे पत्र शेजारणीच्या हाती पाठवते आहे. आधी वाचा, मग काय करायचं ते करा.

वहिनीला यातलं काय कळतं, असं म्हणाल. परवापरवापर्यंत काहीच कळत नव्हतं. दोन घोडे झालेले बाप्ये रंगीत चौकोनांवरून भांडतात, एवढंच मला माहीत. आईंना कोणी ठेवून घ्यायचं यावरून तुमचं बोलणं तुटलं, आई गेल्या, तरी तुमच्या चाली येत राहिल्या. जेवायला हाक मारली की हे म्हणायचे, "एक चाल, झालीच." ती एक कधीच एक नसायची. मी एकदा चिडून विचारलं, यात आहे तरी काय? तर मला समोर बसवून शिकवणी घेतली. म्हणाले, "याला फोर-एक्स म्हणतात. एक्सप्लोअर, एक्सपांड, एक्सप्लॉइट, एक्सटर्मिनेट. शोधायचं, पसरायचं, असेल ते कामाला लावायचं आणि शेवटी समोरच्याला संपवायचं." मी म्हटलं, शेवटच्या कामात तुम्ही दोघं भाऊ फार तरबेज. हसले नाहीत.

गेल्या काही आठवड्यांत तुमच्याविरुद्ध ते खेळतच नव्हते, भाऊजी. मी खेळत होते. तुम्हाला संशयही आला नाही याचं मला नवल वाटतं. तुमचा भाऊ कधी सीमा मोकळी सोडेल का?

आधी आधी ते सांगायचे आणि मी करायचे. नकाशाचा बराच भाग काळोखात असतो, आपला टेहळ्या पुढे सरकेल तसा तो उजळतो, हे पाहून मला गंमत वाटली. त्यांनी बजावलं, की एकदा पाहिलेली जागा आपण निघून आलो की जुन्या चित्रासारखी राहते. तिथं आज काय चाललंय ते कळत नाही, म्हणून टेहळ्याला परत पाठवत राहायचं. मी तो डोंगरापलीकडे ठेवून विसरले. तिथं नदीकाठी तुम्ही तोफा जमवत होतात ते मला दिसलं नाही. मी जुनंच हिरवं रान बघत बसले.

मग त्यांचं सांगणं कमी होत गेलं आणि माझं डोकं चालायला लागलं. रिकामी सुपीक जमीन दिसली की मला राहवेना. वसाहतकरी पाठवायचे, शहर वसवायचं, पुन्हा पुढे. पसरणं फुकट नसतं हे उशिरा कळलं. प्रत्येक नवं शहर सांभाळायला खर्च, लोकांची नाराजी वाढलेली, आणि नवीन विद्या शिकायचा वेग मंदावलेला. तुम्ही मोजकीच शहरं ठेवून प्रयोगशाळा बांधल्यात. माझ्याकडे नकाशाभर आपला रंग आणि हातात धनुष्यबाण.

तिसऱ्या एक्सवर मात्र माझा जीव जडला. आयुष्यभर कारखान्याच्या खरेदी खात्याची प्रमुख होते मी. कुठल्या खाणीतून लोखंड काढायचं, कुठे कालवा, कुठलं शहर धान्य पिकवेल आणि कुठलं यंत्रं बनवेल, हे मला कुणी शिकवायला नको. चार चालींत कोठार ओसंडून वाहायला लागलं. आणि तिथंच घात झाला. सीमेवरच्या किल्ल्यांत तुमच्या भावाने पलटणी बसवून ठेवल्या होत्या. काम काही नाही, लढाई नाही, दर चालीला पगार खातात. पडून राहिलेला माल मी कधी खपवून घेतला नाही. मी त्या सगळ्या पलटणी बरखास्त केल्या आणि त्या पैशात बाजारपेठा बांधल्या. स्वतःवर खूश होते अगदी.

फौज लढत नसली तरी तिथं उभी असणं हेच तिचं काम असतं, हे तुम्ही पुढच्या चालीला तोफांनी समजावलंत. एकेक शहर तुमचं झालं, तशी आमच्या खाणी तुमच्या कारखान्यांना लोखंड पुरवायला लागल्या. तुम्ही जितके जिंकता तितके बलवान होता, आणि मी जितकी हरते तितकी दुबळी. मी दोनदा तह मागितला, तुम्ही दोनदा नाकारलात. खेळ म्हणून बरोबर आहे. मी तुमच्या जागी असते तर मीही नाकारला असता.

हे रोज विचारतात, "बारक्याची चाल आली का?" लॅपटॉपचा पडदा माझ्याकडेच वळवलेला ठेवून मी म्हणते, आली. "कुठे पोचलाय?" मी म्हणते, नदीपलीकडेच आहे. खोटं बोलायची सवय नाही मला. परवा माझा चेहरा पाहून म्हणाले, "तू पलटणी काढल्यास ना?" मी मान हलवली. आधी रागावतील असं वाटलं. तर म्हणाले, "तो तोफा आणेल. आणू दे. पण त्याला काही सांगायचं नाही. दया येऊन सोडलेला डाव मला नको." मी शब्द दिला. तो आज मोडते आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

तेव्हा नीट ऐका. सूट द्या असं म्हणायला मी लिहिलेलं नाही. त्यांच्या मेंदूत गाठ आहे. उजवा हात आधीच लुळा पडला, म्हणून चाली माझ्या हाती आल्या. उद्या ऑपरेशन आहे. वाचा राहील की नाही, माणसं ओळखू येतील की नाही, याची खात्री डॉक्टर देत नाहीत. मी उगाच धीर देणारी बाई नाही, तुम्हाला ठाऊक आहे. लॅपटॉप त्यांच्या उशाशी आहे. घरी बसून बटण दाबून राजधानी घेऊ नका. इथं या, पलंगाशेजारी बसा आणि त्यांच्या डोळ्यांदेखत घ्या. ते शिव्या देतील, देऊ द्या. आज त्यांना त्या देता येतात.

तुमचीच,
वहिनी

शेजारणीच्या हाती तुमच्याकडे पाठवलं ते असं: हे पत्र. इस्पितळाचा पत्ता आणि खोलीचा नंबर, पाकिटावर लिहिलेला. रुग्णाजवळ रात्री थांबण्याचा पास. एका रुग्णामागे एकच मिळतो, आजवर तो माझ्याकडे होता. त्यावरचं माझं नाव खोडून तुमचं घातलं आहे आणि नर्सबाईंची सही घेतली आहे.