मला माणूस उशिरा आवडतो

प्रिय आत्या,

पाया पडते (कागदावरून पडतेय, त्यामुळे माझे गुडघे शाबूत आहेत, तुझे कसे आहेत?). इकडे मी बरी आहे आणि आमच्या कवळ्यांच्या लॅबमध्ये कामही बरं चाललंय. कामावरच्या दोघी मैत्रिणींना मात्र माझी काळजी वाटते. दाराशी कुणी देखणा माणूस आला की त्या मेणाचे दात अर्धवट टाकून बघत बसतात आणि मी मनातल्या मनात त्याच्या जबड्याचं माप घेते. तो देखणा आहे हे मलाही दिसतं गं, पण त्यापुढे आत काही हलत नाही. शाळेपासून हे असंच. तेव्हा मीही सगळ्यांबरोबर उसासे टाकायचे, हजेरी लागावी म्हणून. या दोघींनी तर माझं नाव 'फ्रीज' ठेवलं. गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला पोहायला शिकवणाऱ्या एकाबरोबर कॉफीला धाडलं. माणूस सभ्य, दिसायला छान. त्याने हात हातात घेतला, तेव्हा नाडी बघतोय असं वाटून मी मनगट नीट पुढे केलं. घरी येऊन रडले मात्र. वाटलं, माझ्यात एखादा भाग बसवायचाच राहिलाय.

आता घोटाळा ऐक. शेजारच्या टेबलावर साचे ओतणारा एकजण बसतो. मोठे कान, अंगावर कायम प्लास्टरची पूड. त्याच्याकडे मी 'तसं' कधी पाहिलंच नव्हतं, आम्ही नुसते बोलायचो. त्याचे वडील गेले तेव्हा तो माझ्याशी मोकळा झाला, मला नोकरी नकोशी झाली तेव्हा मी त्याच्याशी. मग एका साध्याशा सकाळी त्याने बाह्या वर सारल्या आणि मी त्याच्या मनगटाकडे बघतच राहिले. पोटात असं काही झालं की पित्त समजून मी गोळी घेतली. (उपयोग झाला नाही.)

मैत्रिणींना सांगितलं तर एक म्हणाली, "हा तुला आत्ता दिसला?" दुसरीने वाचलेला शब्द सांगितला, डेमीसेक्शुअल. म्हणजे आधी मनाची जवळीक, मगच ओढ. आणि जवळीक झाली की ओढ वाटेलच, असंही नाही. (म्हणूनच तुम्ही ज्याला जावई धरून बसला होतात, तो माझा कॉलेजातला मित्र मित्रच राहिला.) याला संयम म्हणू नकोस. मी स्वतःला आवरत नव्हते. आवरायला काही नव्हतंच. शब्द सांगणारी मैत्रीण म्हणाली, "फ्रीज म्हणायला नको होतं आम्ही." मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

मग त्या साचेवाल्यालाही सांगितलं. मैत्री जाईल ही भीती होतीच. त्याने हातातला ब्रश धुऊन ठेवला. मग म्हणाला, "मला तू पहिल्या आठवड्यातच आवडली होतीस. तुझ्या मनात तसं काही दिसेना, म्हणून बोललो नाही. मग मैत्रीच आवडायला लागली." आता संध्याकाळी आम्ही चालत घरी जातो. घाई दोघांनाही नाही.

तुझी भाची

ता. क. रविवारी तू ज्या इंजिनिअरला मला दाखवायला तुझ्या घरी बोलावलंयस, त्याला नाही कळव. तो चांगलाच असेल, पण अर्ध्या तासात माझ्या हाती फक्त त्याच्या जबड्याचं माप लागेल.

आणखी एक ता. क. खुर्च्या मात्र मांडून ठेव. त्या वेळेला शेजारच्या टेबलावरचा येतोय, बाबांना तू समजाव. आणि तुला माणसं पहिल्या भेटीतच आवडतात, तेव्हा तेवढं काम माझ्या वतीने उरकून टाक.